कार्यबिंदू

पूर्वीच्या वेल्हे तालुक्यात पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी अशी तीन धरणे आहेत, तरी डोंगराच्या सोंडेवर वसलेल्या कित्येक वाड्यांना चैत्रात पाण्यासाठी खाली उतरावे लागते. पाणी खोऱ्यात असते, घरे वर असतात, आणि या दोहोंमधील अंतर विजेने भरून काढावे लागते. 2016 साली कानंद खोऱ्यातील अशाच एका गावाच्या पंपसंचाच्या निविदांची तांत्रिक छाननी माझ्याकडे आली. मी कनिष्ठ अभियंता होतो, नोकरीला तिसरे वर्ष होते, आणि भोरमध्ये आईसोबत राहत होतो.

निविदा दोन लिफाफ्यांची होती. पहिल्या लिफाफ्यात तांत्रिक कागदपत्रे, दुसऱ्यात दर. पहिल्यात जो पात्र ठरेल त्याचाच दुसरा उघडायचा. किमतीची स्पर्धा दुसऱ्या लिफाफ्यात होते खरी, पण त्या स्पर्धेत कोणी उतरायचे हे पहिल्याच लिफाफ्यात ठरते, आणि ते ठरवणाऱ्या तक्त्याचा मसुदा बहुधा कार्यालयातील सर्वांत कनिष्ठ माणूस करतो. वरिष्ठांची स्वाक्षरी नंतर येते. आकडा आधी त्याच्या हातून पडलेला असतो.

आमची मागणी साधी होती. सेकंदाला 6 लिटर पाणी, एकूण 96 मीटर उंचीचा भार, आणि त्या ठिकाणी पंपाची कार्यक्षमता किमान 58 टक्के. ‘त्या ठिकाणी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रत्येक पंपाबरोबर उत्पादकाचा आलेख येतो. आडव्या अक्षावर प्रवाह, उभ्या अक्षावर उंची, आणि कार्यक्षमतेची एक कमान, जी मध्यावर उंच असते व दोन्ही बाजूंना उतरते. पंप प्रत्यक्ष जिथे चालणार आहे तो कार्यबिंदू. माहितीपत्रकावर ठळक छापलेला आकडा कमानीच्या शिखराचा असतो. कार्यबिंदू पुष्कळदा उतारावर असतो.

तीन निविदांपैकी एकीत हेच घडले होते. माहितीपत्रकावर 60 टक्के छापले होते. आलेखावर पट्टी ठेवून 6 लिटरवरून रेघ वर नेली, तर ती कमानीला 52 टक्क्यांच्या आसपास छेदत होती. मी पेन्सिलीने खूण केली, पण तक्ता अपूर्ण ठेवला, कारण दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी होती.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी घरी पोहोचलो तेव्हा आईने देवापुढे चांदीचे नवे निरांजन लावलेले होते. दुपारी एक गृहस्थ येऊन गेले होते. “साहेबांच्या ओळखीचा आहे, हे आईंसाठी,” असे म्हणून त्यांनी मिठाईचा डबा दिला होता, आणि मिठाईच्या खाली निरांजन होते. डब्यावर चिकटवलेल्या पत्रिकेवर त्याच निविदाकाराचे नाव होते. भेट माझ्या नावाने आलीच नव्हती. ती आईला दिली होती, सणाच्या दिवशी, देवाच्या वस्तूच्या रूपात. जी नाकारताना आपणच उद्धट वाटू, अशी वस्तू विचारपूर्वक निवडलेली होती.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये याचे उत्तर आहे. कर्मचाऱ्याने स्वतः भेट घेऊ नये, इतकेच तो नियम सांगत नाही. कुटुंबातील व्यक्तीलाही घेऊ देऊ नये, असे सांगतो. मी आईला एवढेच म्हणालो, “आई, या माणसाचा कागद माझ्या टेबलावर आहे.” तिने वात विझू दिली, मग तुपाची काजळी पुसून निरांजन स्वच्छ केले आणि पुन्हा डब्यात ठेवले. त्या रात्री ती फारसे बोलली नाही. देवापुढे लावलेला दिवा काढावा लागला, याचे तिला वाटलेले दुःख मी कमी करू शकलो नाही.

माझा पहिला विचार असा होता की डबा गुपचूप परत पाठवावा आणि विषय संपवावा. तो विचार प्रामाणिक होता, तरीही चूक होता. गुपचूप परत केलेल्या भेटीला पुरावा नसतो. देणारा उद्या ती स्वीकारली असे म्हणू शकतो. आणि नाकारली गेली म्हणून तो थांबत नाही, दुसऱ्या टेबलाकडे जातो. तेथील माणसाला सावध करणारी नोंद कोठेही नसते. म्हणून दुसऱ्याच सकाळी मी उपअभियंत्यांच्या घरी गेलो. त्यांच्या व आणखी एका सहकाऱ्याच्या उपस्थितीत डबा परत केला, लेखी पोच घेतली, आणि कोणी, कधी, काय, कोणाच्या हाती दिले एवढेच लिहिलेला अहवाल सादर केला. हेतूविषयी एक शब्दही लिहिला नाही. त्या निविदाकारावर कारवाई करायची की नाही, प्रकरण लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे द्यायचे की नाही, हा वरिष्ठांच्या अधिकारातील प्रश्न होता.

इथपर्यंतची वाट नियमांनी आखलेली असते. कठीण भाग यानंतर सुरू होतो, कारण ती पेन्सिलीची खूण अजून तिथेच होती.

आता 52 हा आकडा मी तक्त्यात लिहिला असता, तर तो आलेखाचा आकडा ठरला असता की माझ्या रागाचा? आलेखावरील रेघ जाड असते, छपाई पुसट असते. दोन-तीन टक्के इकडे-तिकडे वाचता येतात. भेट स्वीकारणारा डोळा उतारावरून शिखराकडे सरकतो. भेट नाकारणारा डोळा तटस्थ राहतो असे आपण गृहीत धरतो, पण त्याची हमी नाही. ज्याने आपल्या आईला साधन बनवले, त्याचा कागद वाचताना मन शिक्षा करू पाहते. निविदाकाराचे आचरण दूषित असले तरी त्याच्या पंपाचे मूल्यमापन निविदेतील अटींनीच व्हायला हवे. आचरणाबद्दलची शिक्षा वेगळ्या कलमाखाली, त्याचे म्हणणे ऐकून, सक्षम अधिकाऱ्याने द्यायची असते. छाननीच्या तक्त्यातून ती चोरून देता येत नाही.

मी छाननीतून मुक्त करण्याची विनंती केली. उपअभियंत्यांनी ती मान्य केली, आणि एक गोष्ट स्वतःहून केली. तिन्ही आलेखांच्या प्रतींवरील नावे झाकून त्या दुसऱ्या उपविभागातील अभियंत्याकडे वाचनासाठी पाठवल्या. माझे आकडे त्याला दाखवले नाहीत.

या दक्षतेमागे गावाचा हिशेब होता. 6 लिटर पाणी 96 मीटर वर चढवायला शुद्ध शक्ती साडेपाच किलोवॅटहून थोडी अधिक लागते. 60 टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला त्यासाठी सुमारे 9.4 किलोवॅट द्यावे लागतात, 52 टक्क्यांच्या पंपाला 10.9. दिवसाला आठ तास पंप चालला तर वर्षाला चार हजारांहून अधिक युनिटांचा फरक पडतो, आणि हे देयक पंपाच्या आयुष्यभर ग्रामपंचायत भरते. देयक थकले की वीज तुटते, आणि बाया पुन्हा खाली उतरतात. निरांजन एकदाच दिले जाते. त्याची किंमत ज्यांच्याकडून वसूल होते, त्यांनी ते पाहिलेलेही नसते. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात 2018 च्या दुरुस्तीनंतर हे स्पष्ट झाले आहे की काम योग्य रीतीने केले तरी गैरवाजवी लाभ घेणे हाच गुन्हा आहे. ‘भेट घेतली, पण निर्णय बरोबरच दिला’ या समर्थनाला त्यामुळे जागा उरत नाही. माझ्या अनुभवाने मी इतकेच जोडेन की निर्णय बरोबर होता की नाही, हे घेणाऱ्याला स्वतःलाही नंतर कळू शकत नाही.

आठ दिवसांनी वाचन परत आले. त्या निविदाकाराच्या पंपापुढे 53 हा आकडा होता. तो अपात्र ठरला, आणि मला मनोमन हायसे वाटले. मग मी पुढची ओळ पाहिली. प्रतिस्पर्धी निविदाकाराच्या आलेखावर मी 61 वाचले होते. हे वाचन दिवाळीनंतरचे, विनंती करण्याच्या आदल्या दिवशीचे होते. त्या अभियंत्याने 59 वाचले होते. मी पट्टी आणून पुन्हा रेघ ओढली. पंखचक्राच्या दोन व्यासांच्या कमानी त्या पानावर जवळजवळ होत्या, आणि मी वरची वाचली होती.

59 हे 58 पेक्षा अधिकच होते. निकालात काही बदलले नाही. तरीही नस्तीतील माझ्या मसुद्यावरचा 61 मी खोडला, शेजारी 59 लिहिले, आणि खोडलेल्या जागी तारखेसह स्वाक्षरी केली.