आजोबांची निळी पत्रं

कणकवलीजवळच्या एका गावात, माळ्यावरची ट्रंक आवरताना दहावीतल्या एका मुलीला आजोबांची निळी आंतरदेशीय पत्रं सापडली. आजोबा लालबागच्या गिरणीत होते. पत्रं आजीला लिहिलेली. आत तारीख एकावरही नव्हती.

मग तिने पत्त्याची बाजू पाहिली. काहींवर पिनकोडचे सहा चौकोन होते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, म्हणजे ही पत्रं त्यानंतरची. चौकोन नसलेल्यांची मात्र खात्री नाही, कारण घरात उरलेला जुना कागद लोक पुढेही वापरत. तिथे टपालाचा शिक्काच कामी आला. भिंगातून पुसट आकडे जुळवत तिने गठ्ठा क्रमाने लावला.

क्रम लागला आणि एक गोष्ट दिसली. ‘मनीऑर्डर केली आहे’ हे वाक्य १९८२च्या फेब्रुवारीनंतर गायब होतं. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता, सुमारे अडीच लाख कामगारांचा! आजोबांनी संपाबद्दल अवाक्षर लिहिलं नव्हतं. ते एवढंच विचारत होते, भात पावसापर्यंत पुरेल का, बैल विकावा लागेल का.

“आज्ये, बैल इकलो?” तिने विचारलं.

“इकलो. पण तेंका कळवूक नाय,” आजी म्हणाली. “तुझ्या बापाशीची फी भरूची होती.”