खाली घातलेली मान

माझी पुतणी बुलढाण्यात खोली करून पोलीस भरतीचा अभ्यास करते. शिकवणी फोनवर, नोट्स फोनवर, सराव परीक्षाही फोनवरच. दिवाळीला घरी आली, तेव्हा मानेला बाम चोळत होती. "काका, दुपारनंतर इथं दगड ठेवल्यासारखं होतं," म्हणत तिनं मानेच्या बुडापासून खांद्याकडे उतरणाऱ्या भागावर बोट ठेवलं. मी पटकन म्हणालो, "मग ठेव तो फोन बाजूला!" ती गप्प बसली. रात्रभर ते वाक्य मलाच टोचत राहिलं. पुस्तकाच्या जागी फोन आपणच तिच्या हाती दिला, आणि मान दुखली तेव्हा मी तिलाच दोष दिला.

डोकं साधारण पाच किलोचं. मान सरळ असली की ते कण्यावर तोललेलं असतं. पुढे झुकलं की मानेच्या आणि पाठीच्या वरच्या स्नायूंना ते धरून ठेवावं लागतं. झुकलेल्या प्रत्येकाची मान दुखतेच असं नाही, पण तासन्‌तास एकाच जागी राबलेला स्नायू थकतो, आणि ते थकणंच आपल्याला आखडल्यासारखं वाटतं. मालिशनं घटकाभर बरं वाटतं, स्नायूचा दम मात्र वाढत नाही.

डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या १९८ जणांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. रबरी पट्टा ओढून हात बाजूला उचलायचे, एवढाच व्यायाम. दहा आठवड्यांनी, रोज बारा मिनिटं करणाऱ्यांचं दुखणं कमी झालं आणि फक्त दोन मिनिटं करणाऱ्यांचंही.

आमच्याकडे पट्टा नव्हता. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या निम्म्या भरल्या. कोपर किंचित वाकवून हात खांद्याच्या उंचीपर्यंत सावकाश वर, तितकेच सावकाश खाली. चौथ्या-पाचव्या वेळेला तिचे खांदे कानांकडे चढू लागले. मानच हाताचं काम करू लागल्याची ती खूण. तिथंच थांबलो, थोडं पाणी ओतून दिलं. मग भिंतीला पाठ टेकून हनुवटी सरळ मागे ओढायची, पाच सेकंद धरायची, असं दहादा. आधी ती छताकडे बघत होती. नजर समोर ठेवल्यावर जमलं.

दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकलं तर चालतं. पण कळ हातात उतरली, बोटांना मुंग्या आल्या, हातातली वस्तू सुटू लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर व्यायाम बंद करून डॉक्टरांकडेच जायचं.

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. दुखणं आहे, पण आता संध्याकाळी सुरू होतं, म्हणाली. फोन डब्यांच्या चळतीवर डोळ्यांसमोर ठेवलाय, आणि दर अर्ध्या तासानं उठते. मग तिनं विचारलं, "काका, तुमच्या बाटल्या भरल्या का?" मी त्या भरायला उठलो.