रिकामी कॉट कुणाच्या नावावर?

सागर, निखिल,

अमेय या महिन्याअखेर जातोय. भाडं 27,000. आजवर चौघांत प्रत्येकी 6,750 यायचे, आता सरळ तीन भाग केले तर 9,000 येतील. हा हिशेब सोपा आहे, पण तो कायम चालवू नये असं मला वाटतं. मोठ्या खोलीत निखिल आणि मी पूर्वीसारखेच दोघे राहणार, लहान खोली मात्र आता एकट्या सागरची होईल.

खोलीप्रमाणे वाटणी केली तर वेगळे आकडे येतात. हॉल, स्वयंपाकघर आणि बाल्कनीचे 9,000 धरू, म्हणजे प्रत्येकी 3,000. उरलेल्या 18,000 पैकी बाल्कनी जोडून असलेल्या मोठ्या खोलीचे 10,000 आणि लहान खोलीचे 8,000. मग निखिल आणि मी 8,000 देऊ, सागरला 11,000 पडतील. जागेच्या मानाने हे बरोबर आहे. तरीही पुढच्या महिन्यापासून सागरकडे 11,000 मागणं मला पटत नाही, कारण अमेयला जा असं त्याने सांगितलेलं नाही. न मागता वाट्याला आलेल्या एकांताचे पैसे कुणी का भरावेत?

म्हणून माझ्या मते प्रश्न खोली किती मोठी आहे एवढाच नाही. कॉट रिकामी राहावी असं कोण ठरवतंय, हाही आहे. आपण नवा माणूस शोधतोय तोवर ते नुकसान तिघांचं, म्हणून प्रत्येकी 9,000. खोली एकट्यालाच हवी असं सागरने ठरवलं, तर त्या महिन्यापासून त्याचे 11,000. आलेला मुलगा निखिलला किंवा मला नको असेल, तर मात्र वाटणी 9,000 वरच राहील. आमच्या नकाराचा भार सागरवर पडता कामा नये.

बाकीचा खर्च माणसांप्रमाणे सारखा कमी होत नाही. वायफाय, फ्रिज, विजेच्या बिलातला स्थिर आकार आहे तेवढाच राहतो, त्याचे तीन भाग. झाडू-फरशीच्या ताईंना घर तेवढंच पुसायचंय, त्यांचा पगार कमी करायचा नाही. पोळ्यांच्या मावशी माणशी पैसे घेतात, तिथे फरक पडेल. तो त्यांना आधी सांगू.

एसी आमच्या खोलीत आहे. महावितरणचा दर 100 युनिटनंतर आणि पुन्हा 300 नंतर चढतो. एसीशिवाय आपले 220 युनिट होत असतील आणि एसीचे 130 धरले, तर एकूण 350. त्यातले शेवटचे 50 वरच्या टप्प्यात जातात ते एसीमुळेच. तेव्हा बिलाची सरासरी काढून सागरकडून त्यातला वाटा घेणं बरोबर नाही. एसीच्या लाईनवर सबमीटर बसवू, आणि त्याचे युनिट बिलात सर्वांत वरचे धरून निखिल आणि मी भरू.

डिपॉझिटमधले अमेयचे 20,000 घरमालक करार संपल्यावरच देणार. नवा माणूस येताना ते थेट अमेयला देईल. दोन महिन्यांत कुणी आलं नाही, तर आपण तिघांनी मिळून त्याला द्यावेत. नव्या शहरात त्यालाही डिपॉझिट भरायचंय.