पुढची रांग कोणाची?

ज्येष्ठ नागरिक संघाच्या सचिवाने काढलेले आरोग्य व्याख्यानाचे निमंत्रण बहुधा एका साच्यातले असते. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, वक्त्यांच्या पदव्या, ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’, आणि तळाशी बारीक अक्षरात तारीख, वेळ, स्थळ. ऐंशीच्या घरातले आजोबा हा कागद हातात घेतात, तेव्हा त्यांना पदव्यांशी काही कर्तव्य नसते. जिने किती, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, खुर्ची कशी, अंधाराच्या आत घरी पोचू का, हे त्यांना कळायला हवे असते. ते कळले नाही की ते ‘बघू’ म्हणतात आणि येत नाहीत.

सचिवाच्या जागी बसून मी ते असे लिहीन : ‘सप्रेम नमस्कार. शनिवार, दि. १२ डिसेंबर २०२६ रोजी दुपारी ४ ते ५.१५ या वेळेत तळमजल्यावरच्या सभागृहात “पडू नये म्हणून” या विषयावर व्याख्यान आहे. पायरी एकच, तिला कठडा आहे. स्वच्छतागृह सभागृहाला लागूनच आहे. हातांच्या खुर्च्या वीस आहेत. पुढची जागा, कडेची जागा किंवा हातांची खुर्ची हवी असल्यास गुरुवारपर्यंत फोन करा. तुमच्या नावाने ठेवतो.’

चार वाजता अशासाठी, की दुपारचे जेवण आणि वामकुक्षी झालेली असते, आणि मधुमेहींच्या रात्रीच्या जेवणाला व औषधाला अवकाश असतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो. मोतीबिंदू असलेल्याला समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरलेले दिसतात, त्यात रस्ता ओलांडणे जिवावरचे. पडण्याबद्दलचे व्याख्यान ऐकून परतताना कोणी पडू नये, एवढी तरी खबरदारी हवीच. स्वच्छतागृहाचा उल्लेख काहींना अशिष्ट वाटेल. पण लघवी वाढवणारी, म्हणजे पाण्याची गोळी घेणारे लोक कार्यक्रमाच्या दिवशी ती गोळीच टाळतात, आणि हृदयाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला ते महागात पडू शकते. छापलेल्या एका ओळीने हे टळण्याची शक्यता वाढते.

खरा पेच बसण्याच्या व्यवस्थेत आहे. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ हे आपल्याला न्याय्य वाटते, पण म्हातारपणी हा नियम उलटा चालतो. लवकर येतो तो धडधाकट, रोज टेकडी चढणारा. ज्याला सून किंवा नातू सोडायला येणार तो त्यांच्या सवडीने, म्हणजे उशिरा पोचतो आणि मागे बसतो. पुढच्या रांगेची गरज असते त्यालाच. वयोमानाने कान जातात तेव्हा बहुतेकांचे आधी बारीक, उंच स्वर जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज येतो, शब्द लागत नाहीत. मागून ‘मोठ्याने बोला’ अशी हाक आली की ध्वनिक्षेपक वाढवला जातो, सभागृह घुमते आणि उरलेसुरले शब्दही बुडतात. अशा माणसाला वक्त्याचे ओठ दिसले तर निम्मे काम होते. म्हणून वक्त्याला पश्चिमेच्या खिडकीसमोर उभे करू नये. दुपारी चारला मागून ऊन येते आणि त्याचा चेहरा काळा पडतो.

पुढे मानाचा सोफा मांडण्याची पद्धत तर विचार न करताच चालत आली आहे. सर्वांत वयोवृद्ध सभासदाला सन्मानाने त्यावर बसवतात. सोफा खोल आणि बुटका. गुडघे कमरेच्या वर जातात, हाताला टेकायला घट्ट आधार नाही. उठताना दोघांनी ओढावे लागते. शिवाय तासभर बसून एकदम उठले की रक्तदाब उतरून काहींना चक्कर येते. त्या सभासदाला मान द्यायचा तर हात असलेली, जराशी उंच, न डगमगणारी खुर्ची द्यावी. बिनहाताच्या, मागे कलणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या तरुण स्वयंसेवकांना राहू द्याव्यात.

यात एक अडचण उरतेच. खुर्चीवर ‘कमी ऐकू येणाऱ्यांसाठी’ अशी पाटी लावली तर तिथे कोणी बसणार नाही. आपल्याला कमी ऐकू येते हे चारचौघांत कबूल करायला फार थोडे तयार असतात. म्हणून खुर्चीवर कारण नको, फक्त नाव हवे. फोन न करणाऱ्यांत कोणाला कमी ऐकू येते ते सचिवाला ठाऊक असतेच. त्यांची नावे त्याने आपणहून चिकटवावीत. सोडायला आलेल्या सुनेसाठी शेजारची खुर्चीही मोकळी ठेवावी.

आणि प्रश्नोत्तरांत हात वर करायला सांगू नये. पडण्यामागचे एक कारण म्हणजे रात्री लघवीला घाईने उठणे, आणि तो प्रश्न शेजाऱ्यांसमोर, त्यातही स्त्रियांकडून, क्वचितच विचारला जातो. ‘चिठ्ठीवर प्रश्न लिहा, नाव घालू नका’ एवढे निमंत्रणातच छापावे, म्हणजे चिठ्ठ्या घरूनच लिहून येतील.