नाव आधी तोंडात, मग दगडात

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एन-1, एन-2 अशा सेक्टरांत घर शोधायला घराचे नाव लागत नाही. सेक्टर आणि घरक्रमांक पुरतो. तिथल्या नव्या घराचे नाव पत्त्याच्या कामातून मोकळे झालेले असते. ते उरते फक्त उच्चारण्यासाठी. तरीही बहुतेक घरांत नाव ठरते ते अर्थावरून, वास्तुशांतीच्या पत्रिका छापायला टाकण्याच्या घाईत. उच्चार आठवतो तो पाटी भिंतीत बसल्यावर. हा क्रम उलटा असायला हवा.

समजा, वेरूळचा घृष्णेश्वर ज्यांचे आराध्य दैवत आहे अशा कुटुंबाने ‘घृष्णेश्वरकृपा’ हे नाव काढले. अर्थ उत्तम, परंपराही घरची. पण या एका नावात ‘ऋ’ दोनदा येतो. मराठी माणूस त्याचा उच्चार ‘रु’च्या जवळ करतो, हिंदी बोलणारा ‘रि’ म्हणतो. इथल्या रस्त्यांवर मराठी, दखनी उर्दू आणि हिंदी या तिन्ही भाषा रोज कानावर पडतात. त्यामुळे एकाच पाटीवरून कुणी ‘घ्रुष्णेश्वरक्रुपा’ वाचेल, कुणी ‘ग्रिश्नेश्वरक्रिपा’. या देवस्थानाचे नाव रोमन लिपीतही दोन्ही तऱ्हांनी लिहिलेले दिसते.

यावर या शहरातच एक चांगला धडा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली इथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसर ‘नागसेनवन’ झाला. ग्रीक राजा मिनँडर म्हणजेच मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद ज्या पाली ग्रंथात आहे, त्यातली ही नावे. दोन हजार वर्षांची परंपरा त्यांत आहे, आणि तरी ‘मिलिंद’ कोणत्याही भाषेच्या माणसाने म्हटले तरी फारसे बदलत नाही. दादरच्या आपल्या घराला मात्र बाबासाहेबांनी ‘राजगृह’ हे नाव दिले. त्यात ‘ऋ’ आहे. ते नाव रोमन लिपीत मराठी उच्चाराप्रमाणे ‘यू’ घालून रूढ झाले आणि लोक तसेच म्हणू लागले. म्हणजे अवघड अक्षर टाळलेच पाहिजे असे नाही. ते ठेवायचे तर आपला उच्चार ठामपणे लिहायला हवा.

उच्चार ठरला की लेखन. सामासिक नावांत इथेच चुका होतात. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांनुसार ‘गुरू’ हा शब्द एकटा असताना दीर्घ, पण समासात पहिला आला की मूळ संस्कृतातला ऱ्हस्व परत येतो: गुरुकृपा, हरिकृपा. ‘लक्ष्मी’ मुळातच दीर्घ, म्हणून लक्ष्मीनिवास. आणि ‘मातृछाया’ असे ज्या पाट्यांवर दिसते, तिथे संधिनियमाने ‘मातृच्छाया’ हवे. ते ‘च्छ’ मुखातही तसेच उमटते. नीट म्हणून पाहिले की कान स्वतःच दुरुस्ती सांगतो.

मग पाटी. काळ्या ग्रॅनाइटवर अक्षरे कोरताना आधी दगडावर अक्षरांचे चिकट स्टेन्सिल लावतात आणि उघड्या भागावर वाळूचा मारा करतात. अक्षर लहान असेल तर ‘घ’ किंवा ‘ष’च्या पोटातला बारीक तुकडा निघून जातो आणि अक्षर बुजते. देवनागरीत मात्रा वर आणि ‘ऋ’ची खूण खाली जाते, म्हणून पाटीची उंची पुरेशी वाटली तरी अक्षराच्या अंगाला जागा थोडीच उरते. शिवाय मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर ‘ष्णे’ फुटून त्यात हलन्त दिसू शकतो. म्हणून फाइल कर्व्हमध्ये करूनच द्यावी. त्याआधी खऱ्या मापाची कागदी प्रत फाटकावर चिकटवावी, रस्त्याच्या पलीकडे उभे राहावे आणि ज्यांनी नाव ऐकलेले नाही अशा दोघातिघांकडून, त्यात एक तरी अमराठी, ते मोठ्याने वाचून घ्यावे. ते जिथे अडखळतील तिथेच दोष आहे.

‘घृष्णेश्वरकृपा’ काढणाऱ्या कुटुंबाला यातून दोन वाटा मिळतात. दैवताचेच नाव हवे असेल तर ‘कृपा’ सोडून केवळ ‘घृष्णेश्वर’ ठेवावे. एक ‘ऋ’ कमी होतो, पाटीवर अक्षरे मोठी होतात आणि रोमन लिपीत ‘यू’ लिहून मराठी उच्चार पक्का करता येतो. नाते वेरूळशी जपायचे असेल तर तिथल्या नदीचे ‘येळगंगा’ हे नाव आहे. अमराठी तोंडी ‘ळ’चा ‘ल’ होईल, पण नाव ओळखू येईल. मी पहिली वाट निवडेन. देवाचे नाव घरावर लावायचे, तर ते कसे म्हणायचे हे सांगण्याची जबाबदारीही घराने घ्यावी.