आठ तासांत कोल्हापूर

गणपतीला गावी निघणाऱ्या कोरमंगलातल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘पहाटे पाचला निघालो की एकला कोल्हापुरात जेवायला.’ बोलणारा आईला वेळ देऊन मोकळा होतो आणि ती पाळायचं ओझं गाडी चालवणाऱ्यावर पडतं. म्हणून वेळ देण्याआधी ती तपासणं मला कर्तव्यच वाटतं.

अंतर सुमारे ६२५ किलोमीटर. चित्रदुर्गला नाश्ता, हुबळीला चहा, बेळगावात मावशीकडे उभ्याउभ्या भेट, यात दीड तास सहज जातो. आठातून दीड गेला, उरले साडेसहा. भागाकार येतो ताशी ९६. चौपदरी महामार्गावर मोटारीसाठी केंद्राने २०१८ मध्ये घातलेली कमाल मर्यादा ताशी १०० आहे. म्हणजे ट्रकमागे, टोलनाक्यावर, गावाच्या तोंडाशी गेलेला वेळ भरून काढायला गाडी शंभराच्या वर पळवावीच लागेल. मग चालवणाऱ्याला ‘जपून ये हं’ म्हणण्यात काय अर्थ उरतो?

आता टप्पे वेगळे करून पाहा. कोरमंगला ते नेलमंगला, पीण्याचा उड्डाणपूल धरून, साधारण ३५ किलोमीटर. पहाटेसुद्धा त्याला तास धरावा. उरलेले ५९०. काटा नव्वदीवर दिसला तरी प्रत्यक्ष सरासरी ७५ च्या आसपास पडते, म्हणजे जवळपास आठ तास. थांब्यांचा दीड तास मिळवला की पोचायला दुपारचे साडेतीन. नेलमंगलाला सहाऐवजी सात वाजले, तर तो तास पुढे वेगाने वसूल करायचा नाही. सरळ फोन करून साडेचार सांगायचे.

पेट्रोलचंही तसंच. समजा टाकी ३७ लिटरची आहे आणि सामान, एसी, चार माणसं धरून गाडी लिटरला १७ देते. गुणाकार ६२९, म्हणजे कागदावर कोल्हापूर अगदी काठावर गाठलं जातं. पण तळातले पाच लिटर हिशेबात धरायचेच नाहीत, राहिले ५४४. बेळगाव सव्वापाचशेच्या आसपास येतं, म्हणून टाकी हुबळीलाच भरावी.

आणि १७ हा आकडा जाहिरातीतून घेऊ नये. टाकी फुल्ल करून ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करा आणि झालेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागा. ‘अजून इतके किलोमीटर’ असं डॅशबोर्ड दाखवतो, तो अंदाज नुकत्याच झालेल्या चालवण्यावरून बांधलेला असतो. सिल्क बोर्डच्या कोंडीत तो घटतो, तुमकूरपुढे मोकळ्या रस्त्यावर वाढतो. वाढलेला आकडा पाहून हुबळीचा पंप सोडू नये.

आईला मात्र आदल्या रात्रीच सांगून ठेवा, ‘साडेतीनच्या आत येत नाही, तुम्ही जेवून घ्या.’