छायाचित्रातला चट्टा

दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याहून येणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत मी उभा असताना ओळखीच्या एका तांडेलाने खिशातून मोबाईल काढला आणि काचेवर पडणारे ऊन एका हाताने अडवीत मला एक छायाचित्र दाखविले. त्याच्या धाकट्या मुलाच्या हाताचे ते चित्र होते: मनगट आणि कोपर यांच्या दरम्यान, करंगळीच्या बाजूला, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा आणि भोवतालच्या सावळ्या कातडीपेक्षा फिकट असा एक चट्टा, आणि चौकटीत दुसरे काही नाही. हे चित्र त्यापूर्वीच मुंबईच्या नातलगांकडे जाऊन आले होते व ज्याने त्याने आपापला निवाडा देऊन टाकला होता. एकाच्या मते ती शिबे होती, दुसऱ्याच्या मते कोडाची सुरुवात, तिसऱ्याने पोटातल्या जंतांना दोषी ठरविले होते. आणि औषधाच्या एका दुकानात हेच चित्र पाहून कोणी दिलेले मलम मुलगा गेले दोन महिने इमानाने चोळीत होता. "डॉक्टर, ह्यातलं कुठलं खरं, ते तुम्ही सांगा," तांडेल म्हणाला. चित्रावरून मला काहीच सांगता येणार नाही, मुलाला संध्याकाळी घरी घेऊन या, असे मी म्हटले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी किंचित निराशा उमटली ती मी नोकरीच्या काळात अनेकदा पाहिली आहे. डॉक्टरला येत नाही म्हणून तो वेळ मागतो, असा तिचा अर्थ असतो.

वास्तविक त्या चित्राबद्दल जे चार तर्क संभवत होते ते चारही चित्रापुरते सारखेच सयुक्तिक होते. शिबे, मुलांच्या रुक्ष कातडीवर उमटणारे साधे फिकट डाग, कोडाचा आरंभ आणि कुष्ठरोगाचा चट्टा, या चौघांचीही पहिली अवस्था म्हणजे फिकट रंगाची, सपाट, न दुखणारी एक जागा. आणि ज्या गुणांनी ती परस्परांपासून वेगळी ओळखू येतात ते गुण बहुतांशी डोळ्याचे नसून बोटाचे, नखाचे आणि रुग्णाच्या स्वतःच्या जबानीचे आहेत. शिब्यांवर कोंडा असतो, पण तो इतका बारीक की वरवर कातडी गुळगुळीत दिसते. काचपट्टीच्या कडेने हलकेच खरवडले म्हणजे मात्र पिठासारखी भुकटी निघते. कोडाची जागा फिकट राहत नाही, ती खडूसारखी पांढरी होत जाते आणि तिच्यावरील स्पर्शज्ञान पूर्णपणे शाबूत असते. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा पूर्ण पांढरा होत नाही. त्यावर घाम येत नाही, लव विरळ होते आणि त्याची मुख्य खूण ही की तो बधिर असतो. बधिरपणाला रंग नाही, म्हणून त्याचे छायाचित्र निघत नाही.

रंगाच्या बाबतीत तर हे यंत्र उघडउघड अविश्वसनीय आहे. आजचे मोबाईल काढलेले चित्र जसेच्या तसे ठेवीत नाहीत. ते उजेड सावरतात, कातडी उजळतात, बारीक खरबरीतपणा पुसून टाकतात, आणि चित्र एकाकडून दुसऱ्याकडे धाडताना त्याचा आकार लहान करण्यासाठी उरलासुरला तपशीलही कमी करतात. त्यातून आपली कातडी सावळी. गोऱ्या कातडीवर जी सूज गुलाबी दिसते ती आपल्याकडे जांभळट किंवा नुसती काळसर दिसते, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तर तीही दिसत नाही. म्हणून जाणता वैद्य रंगाची नोंद करतो खरी, परंतु तिच्यावर फैसला सोपवीत नाही. आधी तो पाहतो पुरळ अंगावर कोठे आहे ते: कपड्याखाली की उघड्या जागी, बोटांच्या बेचक्यांत की कंबरेच्या पट्ट्याखाली, दोन्ही अंगांस सारखे की एकाच बाजूस. बेचक्यांत आणि कंबरेभोवती रात्री खाजणारे बारीक फोड असतील तर खरजेचा संशय घ्यावा लागतो. एकाच बाजूला पट्ट्यासारखे आणि मध्यरेषेपाशी थांबणारे फोड असतील तर नागीण. त्यानंतर संख्या, आकार आणि विशेषतः कड: ती कातडीत विरघळते की कुंपणासारखी उठून दिसते. गजकर्णाची कड उठलेली, खवल्यांची आणि मध्य निवळलेला असतो. परंतु त्यावर स्टेरॉइडयुक्त मलम महिनाभर चोळले असेल तर तीच कड पुसट होते, खाज तात्पुरती शमते आणि बुरशी मात्र खाली पसरत राहते, म्हणजे चित्र सुधारते आणि रोग बळावतो.

एक परीक्षा अशी आहे की ती करायला घरातला पारदर्शक पेला पुरतो. लाल डागावर पेल्याची काच दाबून धरावी: डाग काचेखाली फिकटला तर रक्त वाहिन्यांच्या आतच आहे, फिकटला नाही तर ते वाहिन्यांबाहेर, कातडीत, झिरपले आहे. ताप असताना असे न फिकटणारे डाग उमटले तर रात्रीची वेळ आहे म्हणून थांबू नये, कारण डेंग्यूतील रक्तस्राव किंवा मेंदूच्या आवरणाचा घातक जंतुदोष यांची ती खूण असू शकते. छायाचित्रात दोन्ही प्रकारचे डाग सारखेच लाल दिसतात, कारण छायाचित्र दाबता येत नाही.

संध्याकाळी मुलगा आला. वय सतरा-अठरा, सुट्टीत बापाच्या होडीवर जाणारा, आणि आपल्याला काही झाले आहे हेच मान्य नसलेला. उजेड असेतो पाहून घ्यावे म्हणून त्याला पडवीत बसविले, सदरा काढावयास सांगितला आणि चट्ट्याकडे प्रथम न पाहता पाठ, खांदे, मांड्या, कानाच्या पाळ्या अशा क्रमाने सारे अंग पाहिले. ही केवळ शिस्त नव्हे. चट्टे एक ते पाच असले तर उपचाराची मुदत वेगळी आणि पाचाहून अधिक असले तर वेगळी असते, आणि पाठीवरचा दुसरा चट्टा रुग्णाला स्वतःला माहीत नसतो. ह्याच्या अंगावर दुसरा नव्हता. काचेने खरवडून पाहिले, कोंडा निघाला नाही. मग बॉलपेन घेतले.

स्पर्श तपासणे दिसते त्यापेक्षा अवघड आहे, आणि माझ्या पाहण्यात जास्तीत जास्त चुका येथेच होतात. "लागतंय का?" असे विचारले की सौजन्यापोटी "हो" असे उत्तर येते, म्हणून विचारायचेच नाही. प्रथम डोळे उघडे ठेवून निरोगी कातडीवर टोक टेकवून दाखवायचे, मग डोळे मिटवायला लावून सांगायचे की जेथे स्पर्श होईल तेथे बोट ठेव. टोक उभे टेकवायचे, कातडी नुसती दबेल इतकेच, ओढायचे नाही. आणि दोन स्पर्शांमधले अंतर कधी लहान, कधी मोठे ठेवायचे, एरवी रुग्ण तालावर बोट ठेवू लागतो. मुलाने दंडावर, मनगटावर, तळहातावर अचूक बोट ठेवले. चट्ट्यावर मी चार वेळा टोक टेकविले आणि चारही वेळा तो डोळे मिटून वाट पाहत राहिला.

चट्टा चेहऱ्यावर असता तर मी इतक्यावर विसंबलो नसतो, कारण तेथे मज्जातंतूंचे जाळे इतके दाट की कुष्ठरोगातही संवेदना बराच काळ टिकते. ज्या प्रकारात जंतू अंगभर पसरलेले असतात त्यात तर चट्टे अस्पष्ट, चकचकीत आणि पुष्कळदा संवेदना असलेलेच असतात; तेथे कातडीतील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. येथे मात्र पुढची पायरी हाताशीच होती. कोपर वाकवून त्याच्या आतल्या बाजूच्या खोबणीत बोटे फिरवली तेव्हा डाव्या बाजूची नस पेन्सिलीच्या शिशाएवढी आणि उजव्या बाजूची, म्हणजे चट्ट्याच्या हाताची, दोरीएवढी जाड लागली. आणि तेव्हाच त्या हाताच्या करंगळीच्या टोकावर एक वाळलेला फोड दिसला. होडीच्या इंजिनाच्या नळकांड्याला बोट लागले होते, कधी ते त्याला कळले नव्हते. बापाने चित्र काढताना चट्टा नीट यावा म्हणून मोबाईल जवळ धरला होता, आणि करंगळी चौकटीबाहेर राहिली होती.

कुष्ठरोगाच्या बाबतीत चित्र आणि निदान यांचा हा झगडा आपल्या मुंबईतच एका असामान्य माणसाच्या आयुष्यात होऊन गेला आहे. ग्रेच्या सुप्रसिद्ध शरीररचना ग्रंथाची १८५८ सालची चित्रे ज्याने काढली तो हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईस आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला आणि येथल्या महारोग्यांच्या अंगावरील चट्टे त्याने आपल्या कसलेल्या हाताने रंगविले. त्या काळी कातडीचे याहून विश्वासार्ह चित्र कोणी काढू शकला असता असे मला वाटत नाही. परंतु तो चित्रावर थांबला नाही. मृत रुग्णांचे हात चिरून त्याने मज्जातंतू मोकळे केले, त्यांची सूज पाहिली, आणि रोगाचे घर कातडीच्या खाली आहे हे ओळखले. १८७३ साली तो नॉर्वेला गेला, जेथे त्याच वर्षी हॅन्सेनने या रोगाचा जंतू पाहिला होता.

छायाचित्र निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात त्या सहसा चोवीस तासांच्या आत जागा सोडतात, आणि रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तेव्हा कातडी कोरी असते. तेथे चित्र हाच एकमेव साक्षीदार. अशा रुग्णाला मी सांगतो की एका गांधीभोवती पेनने रेघ ओढा, शेजारी नाणे ठेवून चित्र काढा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा काढा. गांध रेघेच्या आत तशीच राहिली आणि मागे निळसर डाग उरला तर ते साधे पित्त नव्हे, वाहिन्यांचा दाह आहे की काय ते पाहावे लागते. येथे चित्राचे सामर्थ्य एका क्षणात नसून दोन क्षणांमधल्या अंतरात आहे.

मुलाला दुसऱ्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात पाठविले. तेथे निदान कायम झाले, सहा महिन्यांची पाकिटे फुकट मिळाली, आणि नस सुजून संवेदना अलीकडेच गेली असल्याने प्रेडनिसोलोनच्या गोळ्याही देखरेखीखाली सुरू झाल्या. घरात भांडी वेगळी करण्याची तयारी चालली होती ती मी थांबविली. औषधाचा पहिला डोस पोटात गेल्यावर संसर्गाची भीती झपाट्याने ओसरते, हे त्याच्या आईला दोनदा सांगावे लागले.

सहा महिने पुरे झाले त्या आठवड्यात तांडेल पुन्हा भेटला. त्याने जुने आणि नवे अशी दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून दाखविली आणि हळूच म्हणाला, "काहीच फरक नाही पडला, डॉक्टर." चित्रांपुरते त्याचे म्हणणे खरे होते, चट्टा जवळजवळ तितकाच फिकट होता आणि कदाचित तसाच राहील. मी मुलाला डोळे मिटावयास सांगितले आणि पेनाचे टोक करंगळीवर टेकविले. जरा वेळ लागला, पण त्याने दुसऱ्या हाताचे बोट नेमके तेथेच आणून ठेवले.